पहिल्या पसंतीचे परीक्षा शहर भरले तर: अर्ज भरताना केंद्र निवडण्याची पद्धत

काही वर्षांपूर्वी एका संगणकीय भरती परीक्षेचा अर्ज मी शेवटच्या संध्याकाळी भरला. पहिली पसंती कोल्हापूर दिली, दुसरी पुणे, आणि तिसरा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता म्हणून फारसा विचार न करता नागपूर निवडले. परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधी शहर कळले, ते नागपूर होते. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर गाठायला चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो आणि केंद्रावर हजर राहण्याची वेळ सकाळी साडेसातची होती. म्हणजे एका सकाळच्या परीक्षेपुरता नव्हे, तर जाऊन-येऊन चार दिवसांचा तो प्रवास ठरला. त्या वेळी मला वाटले की माझ्यावर अन्याय झाला. नंतर वाटपाची पद्धत समजल्यावर लक्षात आले की संगणकाने मी लिहिले होते तेच मला दिले होते. शहराच्या रकान्यात नेमके काय ठरते आणि पहिले शहर भरल्यावर पुढे काय घडते, हे पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्यांसाठी पुढे क्रमाने मांडले आहे.

१. तुमच्या परीक्षेत जागा कधी ठरते, हे आधी शोधा

केंद्रवाटपाच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांत तुम्ही घ्यायची काळजी वेगवेगळी आहे. अधिसूचना किंवा माहितीपुस्तिका उघडून ‘परीक्षा केंद्रे’ हा भाग वाचल्याशिवाय अर्जाला हात लावू नये.

पहिल्या पद्धतीत जागा अर्ज भरतानाच ठरते. संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा पूर्वपरीक्षा हे तिचे सर्वांत परिचित उदाहरण. तिथे पूर्वपरीक्षेसाठी एकच केंद्र निवडायचे असते, पसंतीक्रम नसतो, आणि वाटप ‘जो आधी अर्ज करील त्याला आधी’ या तत्त्वावर होते. एखाद्या केंद्राची क्षमता पूर्ण झाली की ते केंद्र गोठवले जाते आणि नंतर येणाऱ्या उमेदवाराला उरलेल्या केंद्रांतूनच निवड करावी लागते. या परीक्षेच्या अधिसूचनांत वर्षानुवर्षे एक वाक्य येत आले आहे, जे महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे: क्षमतेची मर्यादा सर्व केंद्रांना लागू आहे, मात्र चेन्नई, दिसपूर, कोलकाता आणि नागपूर यांना ती लागू नाही. त्यामुळे पुणे किंवा मुंबई उशिरा आलेल्यांना मिळेलच असे नाही, पण नागपूरचा पर्याय त्या वाक्यामुळे शेवटपर्यंत उघडा राहत आला आहे. आपल्या वर्षीच्या अधिसूचनेत ते वाक्य तसेच आहे का, एवढे मात्र स्वतः पाहून घ्यावे.

दुसऱ्या पद्धतीत तुम्ही दोन, तीन किंवा चार शहरे क्रमाने लिहून देता आणि अर्जांची मुदत संपल्यावर संस्था एकत्रित वाटप करते. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा वर्षानुवर्षे या प्रकारात मोडत आल्या आहेत, आणि राष्ट्रीय परीक्षा संस्थेची जेईई मेनही त्यातलीच. अर्ज भरताना शहर ‘स्वीकारले गेले’ असे दिसले, तरी त्याचा अर्थ फक्त तुमची पसंती नोंदवली गेली एवढाच असतो. नवख्या उमेदवारांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. अर्जाच्या छापील प्रतीवर पहिल्या क्रमांकावर पुणे दिसते, म्हणून ते पुण्याला मुक्कामाची व्यवस्था करून मोकळे होतात.

दोन्ही पद्धतींत एक तळटीप समान असते. प्रशासकीय कारणास्तव केंद्र बदलण्याचा किंवा यादीबाहेरचे केंद्र देण्याचा अधिकार संस्था स्वतःकडे राखून ठेवते. ही तळटीप अर्ज भरताना कुणी वाचत नाही, पण तक्रार करायला गेल्यावर तिच्यावरच बोट ठेवले जाते.

२. शहर का भरते, हे समजून घ्या

कागदावर होणाऱ्या परीक्षेत क्षमता म्हणजे शाळा-महाविद्यालयांतल्या बाकांची संख्या. संगणकीय परीक्षेत क्षमता म्हणजे त्या शहरातल्या मान्य केंद्रांवरचे संगणक गुणिले शिफ्ट. त्यामुळे शहर मोठे असले म्हणजे जागा मुबलक असतील, हा अंदाज नेहमी खरा ठरत नाही. मोठ्या शहरात संगणक जास्त असतात, पण ते शहर पहिली पसंती म्हणून लिहिणारेही जास्त असतात.

शिफ्ट बदलल्या की क्षमता कशी हलते, याचे अलीकडचे उदाहरण वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी २०२५ या परीक्षेचे आहे. ती १५ जून रोजी दोन शिफ्टमध्ये व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मे रोजी ती एकाच शिफ्टमध्ये घेण्याचा आदेश दिला. एकाच वेळी सर्वांना बसवायचे म्हणजे तितकेच जादा संगणक आणि जादा केंद्रे लागणार, म्हणून परीक्षा ३ ऑगस्टपर्यंत पुढे गेली आणि उमेदवारांना शहराची पसंती नव्याने नोंदवण्यासाठी जून महिन्यात स्वतंत्र मुदत द्यावी लागली. ती नोंदणीसुद्धा आधी येईल त्याला आधी या तत्त्वावर होती. तुमच्या परीक्षेची तारीख किंवा शिफ्टची रचना मध्येच बदलली, तर शहराचा रकाना पुन्हा उघडला आहे का, हे संकेतस्थळावर लगेच तपासावे, असे मी या प्रसंगावरूनच सर्वांना सांगतो.

३. पहिले शहर भरल्यावर आकडे कसे पुढे सरकतात

पसंतीक्रमाच्या पद्धतीत नेमके काय होते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा ‘अ’ या शहरात तीन केंद्रे आहेत आणि त्यांत अनुक्रमे २५०, १८० आणि १२० संगणक आहेत. एकूण ५५० झाले. त्यांतले ५० ऐन वेळी यंत्र बंद पडले तर उपयोगी यावेत म्हणून राखून ठेवले, तर प्रत्येक शिफ्टला ५०० जागा उरतात. परीक्षा तीन दिवस आणि दररोज दोन शिफ्टमध्ये आहे, म्हणजे सहा शिफ्ट. शहराची एकूण क्षमता ३,००० झाली. या शहराला पहिली पसंती देणारे उमेदवार मात्र ४,२०० आहेत. म्हणजे १,२०० जणांना दुसरीकडे जावेच लागणार.

आता समजा या सर्व १,२०० जणांनी दुसरी पसंती म्हणून जवळचे मोठे शहर ‘ब’ लिहिले आहे. ‘ब’ची क्षमता ५,००० आहे, ऐकायला भरपूर वाटते. पण ‘ब’ला स्वतःचीच पहिली पसंती देणारे ४,६०० उमेदवार आहेत. त्यांना जागा दिल्यावर शिल्लक राहतात फक्त ४००. म्हणजे ‘अ’मधून आलेल्या १,२०० पैकी ८०० जणांना ‘ब’सुद्धा मिळत नाही आणि ते तिसऱ्या पसंतीवर ढकलले जातात. माझ्या कोल्हापूर-पुणे-नागपूर या क्रमाचे असेच झाले असणार. दुसऱ्या पसंतीत तुम्ही त्या शहराच्या एकूण जागांसाठी नव्हे, तर तिथल्या पहिल्या पसंतीवाल्यांनी सोडलेल्या उरल्यासुरल्या जागांसाठी रांगेत उभे असता.

उलट समजा ‘क’ नावाचे मध्यम शहर आहे. त्याची क्षमता १,८०० आणि त्याला पहिली पसंती देणारे १,१००. तिथे ७०० जागा शिल्लक आहेत. आकाराने ‘ब’ कितीतरी मोठे असूनही दुसरी पसंती म्हणून ‘क’ लिहिणाऱ्याला जागा मिळण्याची शक्यता जास्त आहे, कारण ‘क’कडे फारसे कुणी वळलेले नाही.

वाटप करणारी संगणकप्रणाली उमेदवारांना कोणत्या क्रमाने घेते, हे संस्था सहसा छापत नाहीत. सर्वांच्या पहिल्या पसंती आधी पाहून मग दुसऱ्यांकडे वळण्याची एक रीत असू शकते, किंवा एकेका उमेदवाराच्या सर्व पसंती ओळीने तपासून पुढच्याकडे जाण्याची दुसरी. दुसऱ्या रीतीत रांगेत पुढे असणाऱ्याचा फायदा होतो, म्हणून पसंतीक्रमाच्या परीक्षेतही अर्ज लवकर भरण्यात तोटा काहीच नाही. रीत कोणतीही असो, वरच्या उदाहरणाचा निष्कर्ष बदलत नाही: पहिली पसंती सोयीची लिहावी, आणि दुसरी जिथे जागा उरण्याची शक्यता आहे अशा शहराची.

कोणत्या शहरात जागा उरतील, हे आधी कळणार कसे? अधिकृत आकडे बहुधा मिळत नाहीत. पण आदल्या वर्षी त्याच परीक्षेला बसलेल्या चार-पाच जणांना त्यांची पहिली पसंती काय होती आणि प्रत्यक्षात शहर कोणते मिळाले, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी चित्र बरेच स्पष्ट होते. शिकवणी वर्गांची दाटी असलेल्या शहरांत बाहेरगावचे हजारो विद्यार्थी राहत असतात आणि ते सगळे तेच शहर लिहितात, हेही हिशेबात धरावे.

४. पसंतीक्रम आधी कागदावर मांडा

अर्ज उघडण्यापूर्वी एका कागदावर पाच-सहा शहरे लिहावीत. प्रत्येकासमोर अंतर न लिहिता एकच गोष्ट लिहावी: सकाळी सातच्या सुमारास केंद्रावर हजर राहायचे असेल, तर घरातून केव्हा निघावे लागेल. अंतराने फसगत होते. दीडशे किलोमीटरवरचे शहर, जिथे पहाटे पोहोचणारी एकही गाडी नाही, ते रात्रीच्या रेल्वेने थेट गाठता येणाऱ्या साडेतीनशे किलोमीटरवरच्या शहरापेक्षा गैरसोयीचे ठरते. शिफ्ट बहुधा तुमच्या हाती नसते, म्हणून हिशेब सकाळच्या शिफ्टचाच करावा.

यानंतर अर्जातली बंधने तपासावीत. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत निवडलेली तिन्ही केंद्रे एकाच प्रादेशिक विभागातली असावी लागतात. आयोगाच्या पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतात, तर कर्नाटक दुसऱ्या विभागात आहे. याचा परिणाम असा की सावंतवाडीच्या उमेदवाराला पसंतीत महाराष्ट्रातल्या शहरांबरोबर पणजी लिहिता येते, पण कोल्हापूरच्या उमेदवाराला, बेळगाव पुण्यापेक्षा निम्म्या अंतरावर असूनही, कोल्हापूर आणि पुण्याच्या जोडीने बेळगाव लिहिता येत नाही. जेईई मेनमध्ये दिसणारी शहरांची यादी तुम्ही भरलेल्या कायमच्या किंवा सध्याच्या पत्त्याच्या राज्यावर अवलंबून असते. पत्त्याच्या रकान्यात घाईने चुकीचे राज्य निवडले गेले, तर पुढे हवे ते शहर यादीत दिसतच नाही आणि उमेदवाराला वाटते की ते भरले.

शेवटची पसंती लिहिताना मनाला एक प्रश्न विचारावा: हेच शहर मिळाले तर मी परीक्षेला जाईन का? उत्तर नाही असेल, तर ते शहर लिहू नये. रकाना भरण्यासाठी लिहिलेले नाव वाटपाच्या वेळी तुमची इच्छा म्हणूनच धरले जाते. तिसरा रकाना मोकळा सोडता येत असेल तरी तो सोडावा असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मोकळ्या रकान्याचा अर्थ ‘कुठेही चालेल’ असा लावला जाऊ शकतो.

५. अर्ज भरण्याच्या दिवशी

जागा अर्ज भरतानाच ठरणाऱ्या परीक्षेत खोळंबा शहराच्या रकान्यापाशी होत नाही, तो कागदपत्रांपाशी होतो. उमेदवार पहिल्याच आठवड्यात अर्ज सुरू करतो, छायाचित्राचा आकार जुळत नाही म्हणून सोडून देतो आणि दहा दिवसांनी परत येतो तेव्हा शहर गेलेले असते. अर्धवट जतन केलेला अर्ज जागा धरून ठेवत नाही. अर्ज शुल्कासह अंतिमतः सादर झाला तरच तुमचा क्रमांक लागतो. म्हणून पुढील गोष्टी आधीच तयार ठेवाव्यात:

- छायाचित्र आणि स्वाक्षरी, अधिसूचनेत सांगितलेल्या मापात आणि आकारमानात बसवलेली
- छायाचित्र असलेले ओळखपत्र, ज्यावरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळते
- आवश्यक असल्यास जात, आर्थिक दुर्बल घटक किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
- सुरू असलेला मोबाइल क्रमांक आणि स्वतःचा ईमेल, सायबर कॅफेवाल्याचा नव्हे
- शुल्क भरण्याचे दोन मार्ग, म्हणजे एक अडकला तर दुसरा हाताशी असेल
- शहरांच्या पसंतीचा तुमचा कागद

शहर निवडताना एक यांत्रिक चूक वारंवार होते. खाली उघडणाऱ्या यादीत नाव निवडल्यावर पान वर-खाली सरकवण्यासाठी माउसचे चाक फिरवले, की काही अर्जांत निवडलेले नाव बदलून शेजारचे नाव लागते. नाशिकचे नांदेड असे होते. यादीत मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे ही स्वतंत्र नावे असतील, तर तीही नीट वाचून निवडावीत. अंतिम सादर करण्यापूर्वीच्या पूर्वावलोकनात शहरांची नावे मोठ्याने वाचावीत, आणि अर्जाची प्रत जतन करताना शहराचा भाग त्यात दिसतो ना, हे पाहावे.

हवे ते शहर यादीत दिसले नाही, तर चिडून पान बंद करू नये. आधी पत्त्याचे राज्य तपासावे, मग पान पुन्हा उघडून पाहावे, आणि तरीही नसेल तर कागदावरचे पुढचे शहर निवडून त्याच बैठकीत अर्ज पूर्ण करावा. पहिले शहर परत उघडेल या आशेने थांबणाऱ्याचे दुसरे शहरही जाते.

६. करेक्शन विंडोवर किती भरवसा ठेवावा

अर्जाची मुदत संपल्यावर अनेक परीक्षांत दुरुस्तीसाठी काही दिवस दिले जातात. त्यांत शहर बदलता येतेच असे नाही. काही ठिकाणी तो रकाना उघडा असतो, काही ठिकाणी बंद. उघडा असला तरी आधी येईल त्याला आधी या पद्धतीत एक धोका आहे: तुम्ही जुनी जागा सोडता आणि नवी मिळण्याची खात्री नसते. त्यामुळे हवे ते नवे शहर त्या क्षणी यादीत निवडता येत असल्याचे दिसले तरच बदल करावा.

शहर बदलण्यासाठी नव्याने दुसरा अर्ज भरण्याचा सल्लाही मित्रमंडळींकडून मिळतो. तो टाळावा. जिथे एकाहून अधिक अर्जांपैकी शेवटचाच ग्राह्य धरला जातो, तिथे तुम्ही स्वतःहून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहता, आणि पहिल्या अर्जाचे शुल्कही बहुधा वाया जाते.

७. शहर कळल्यावर आणि केंद्र कळल्यावर

पसंतीक्रमाच्या परीक्षांत बहुधा दोन टप्प्यांत माहिती येते. आधी परीक्षेच्या शहराची सूचना येते, जिला सगळे ‘सिटी स्लिप’ म्हणतात. त्यात केवळ शहर आणि तारीख असते. प्रवेशपत्र त्यानंतर येते आणि केंद्राचा पत्ता त्यातच असतो. सिटी स्लिप दाखवून केंद्रात प्रवेश मिळत नाही. ती फक्त प्रवासाच्या तयारीसाठी असते.

सिटी स्लिप आली की त्याच दिवशी रेल्वेचे किंवा बसचे आरक्षण करावे, पण मुक्कामाची खोली प्रवेशपत्र येईपर्यंत घेऊ नये, घ्यायचीच असेल तर रद्द करता येणारी घ्यावी. कारण परीक्षेच्या यादीतले ‘शहर’ महापालिकेच्या हद्दीत संपत नाही. शहराबाहेरच्या रस्त्यावरचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्याच नावाखाली येते आणि ते स्थानकापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असू शकते. स्थानकाजवळ खोली घेऊन पहाटे पाचला रिक्षा शोधत फिरणारे उमेदवार मी नागपुरात पाहिले, आणि त्यांच्यात मीही होतो.

प्रवेशपत्रावरचा पत्ता नकाशात शोधताना केवळ संस्थेचे नाव टाकू नये. एकाच शिक्षणसंस्थेच्या एकाच शहरात तीन-चार इमारती असतात. पिन कोड आणि रस्त्याचे नाव जुळते का, हे पाहावे आणि शक्य असल्यास आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्यक्ष फाटकापर्यंत जाऊन यावे.

मिळालेले शहर तुमच्या कोणत्याच पसंतीत नसेल, तर सिटी स्लिपसोबत दिलेल्या मदत क्रमांकावर आणि ईमेलवर त्याच दिवशी लिहावे. पत्रात अर्ज क्रमांक, दिलेल्या पसंती त्याच क्रमाने, आणि मिळालेले शहर एवढेच असावे, सोबत अर्जाची प्रत जोडावी. दिव्यांग उमेदवारांनी आणि गर्भवती महिलांनी संबंधित प्रमाणपत्रही जोडावे, कारण केंद्रबदलाचा विचार झालाच तर तो अशाच ठोस कारणांवर होतो. बाकीच्यांची विनंती क्वचितच मान्य होते, म्हणून पत्र पाठवले तरी मिळालेल्या शहराचे आरक्षण रद्द करू नये.

मिळालेले शहर तुमच्या तिसऱ्या पसंतीचे असेल, तर पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. त्या वेळात परतीचे तिकीट काढावे, कारण परीक्षेच्या संध्याकाळी त्या शहरातून निघणाऱ्या गाड्या तुमच्यासारख्याच उमेदवारांनी भरलेल्या असतात.